अपडेट कुणी फोन करून सांगत नाही

"तुमच्या फोनची सुरक्षा प्रणाली जुनी झाली आहे. २४ तासांत अपडेट न केल्यास सेवा बंद होईल. खालील लिंकवर टॅप करा." असा मेसेज आला की भले भले लोक दचकतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. फोन आणि कॉम्प्युटर वेळेवर अपडेट करत जा, हे आपणच एकमेकांना सांगत आलो आहोत. ते खरंही आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या फटी अपडेटनेच बुजतात. ठगांनी नेमका हाच खरा सल्ला उचलला आणि त्याच्या आडून आपलं काम सुरू केलं. त्यामुळे घाबरून अपडेट करणंच सोडून देणं हा काही यावरचा उपाय नाही. खरं अपडेट कुठल्या वाटेने येतं आणि खोटं आपल्याकडून काय करून घेऊ पाहतं, एवढं एकदा नीट समजून घेतलं तर पुढचा गोंधळ बराच टळतो.

आधी खऱ्या अपडेटचं बघू. तुमचा फोन ठरावीक काळाने स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी नवं काही आहे का. असेल तर ते उतरवून घेतो. उतरलेल्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. ती सही जुळली तरच फोन पुढे जातो, नाहीतर ती फाइल नाकारतो. या सगळ्यात तुमच्या मोबाइल नंबरचा कुठेच संबंध येत नाही. सिमकार्डच नसलेला, नुसत्या वाय-फायवर चालणारा टॅबलेटसुद्धा नियमित अपडेट होत असतो, यावरून हे लक्षात येईल. तेव्हा अपडेट करून घेण्यासाठी कुणी तुम्हाला कॉल करावा किंवा लिंक पाठवावी, याची मुळात गरजच नसते. एखादी कंपनी नवं अपडेट आल्याची माहिती मेसेजने किंवा ईमेलने देईलही. पण तेव्हासुद्धा ते अपडेट तुमच्या सेटिंग्जमध्ये दिसणारच. लिंक न उघडता तिथे जाऊन बघितलं तर तुमचं काहीच नुकसान होत नाही.

आता खोट्या अपडेटकडे वळू. यासाठी फ्लूबॉटचं उदाहरण सांगतो, कारण ते पुरतं उघडकीस आलं आहे आणि आजच्या बहुतेक फसव्या मेसेजांची चाल त्याच धर्तीची असते. फ्लूबॉट हे अँड्रॉइड फोनवर पसरलेलं घातक ॲप. डिसेंबर २०२० मध्ये ते पहिल्यांदा नजरेस आलं. सुरुवातीला "तुमचं पार्सल आलं आहे, कुठे पोहोचलं ते बघा" असे मेसेज येत. त्याबद्दल बरीच बोंब झाली, लोक सावध झाले. मग टोळीने पवित्रा बदलला. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस न्यूझीलंडमधल्या लोकांना मेसेजमधली लिंक उघडल्यावर एक पान दिसू लागलं. त्यावर लिहिलेलं असे की तुमच्या फोनमध्ये फ्लूबॉट शिरलं आहे, ते काढण्यासाठी अँड्रॉइडचं हे सुरक्षा अपडेट इन्स्टॉल करा. म्हणजे ज्या रोगाची लोकांना धास्ती होती त्याचंच नाव घेऊन तोच रोग औषध म्हणून हातात ठेवला जात होता. न्यूझीलंडच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सर्ट एनझेडने, तेव्हा लोकांना स्पष्ट सांगितलं की हे पान दिसलं म्हणून फोन बाधित झाला असं नाही, पण पानावरच्या सूचना पाळल्या तर तो नक्की बाधित होईल.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण यात घाबरलेल्या माणसाला धीरही आहे आणि धोका नेमका कुठे आहे तेही आहे. मेसेज आला एवढ्याने काही बिघडत नाही. लिंक चुकून उघडली, तरी अद्ययावत फोनवर बहुतेक वेळा तेवढ्याने फारसं काही होत नाही. ठगाला त्यापुढे तुमची मदत लागते, आणि तीही एकदा नव्हे, तीन-चारदा.

पहिली मदत म्हणजे फाइल उतरवणं. अँड्रॉइडवरचं ॲप `.apk` नावाने संपणाऱ्या फाइलमधून इन्स्टॉल होतं. एरवी प्ले स्टोअर हे काम पडद्याआड करत असल्यामुळे आपल्याला ती फाइल कधी दिसतही नाही. ब्राउझरमध्ये किंवा चॅटमध्ये अशी फाइल समोर आली की हे प्ले स्टोअरच्या बाहेरून येतंय, हे तिथेच कळतं. फाइलीला नाव काहीही दिलेलं असू शकतं: सिस्टीम अपडेट, सिक्युरिटी पॅच, कुठल्या तरी बँकेचं नाव. नावाला काही किंमत नाही, ते कुणीही देऊ शकतो.

दुसरी मदत परवानगीची. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपसाठी वेगळी मुभा द्यावी लागते: या ब्राउझरला बाहेरची ॲप्स इन्स्टॉल करू द्यायची का, या मेसेजिंग ॲपला करू द्यायची का. ही मुभा मुळात बंद असते. म्हणून फोन आडवा येतो आणि इशारा दाखवतो. फ्लूबॉटच्या त्या पानावर याचीही तयारी करून ठेवली होती. ॲप इन्स्टॉल करता येत नाही अशी खिडकी आली, तर सेटिंग्जमध्ये जाऊन अनोळखी ॲप्सना परवानगी द्या, असं तिथेच लिहिलेलं होतं. इथे थांबून विचार करा. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं अपडेट तिच्याच फोनच्या सुरक्षेला का अडखळेल? फोनने दिलेला इशारा ओलांडायला जो शिकवतो तो फोनच्या बाजूचा नव्हे. इतर सगळ्या खुणा फसव्या निघू शकतात, पण ही खूण मी तरी सर्वांत भरवशाची मानतो.

तिसरी मदतही परवानगीचीच, पण ही परवानगी सर्वांत घातक आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, काही फोनवर सुलभता, नावाचा विभाग असतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी, ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्या वतीने बटणं दाबणारी ॲप्स याच्या आधारे चालतात. सोय अत्यंत गरजेची आहे. पण त्यासाठी ॲपला पडद्यावर काय चाललंय ते वाचण्याची आणि तुमच्याऐवजी टॅप करण्याची ताकद द्यावी लागते. तीच ताकद ठगाच्या ॲपला मिळाली, तर अनलॉक केलेला फोन अनोळखी माणसाच्या हातात दिल्यासारखं होतं. पुढच्या परवानग्या ते ॲप स्वतःच "मान्य" दाबून घेतं. तुम्ही बँकेचं ॲप उघडलं की त्यावर हुबेहूब तसाच खोटा पडदा आणतं आणि तुम्ही टाइप केलेला पासवर्ड उचलतं. आलेला ओटीपी वाचतं. त्याला काढायला गेलात तर तो प्रयत्न हाणून पाडतं, किंवा ही क्रिया करता येत नाही असा खोटाच संदेश दाखवतं. फ्लूबॉट एवढं करून फोनमधले नंबरही टोळीकडे पाठवत असे आणि बाधित फोनवरून नव्या लोकांना मेसेज सोडत असे. त्यामुळे तो वणव्यासारखा पसरला. शेवटी ११ देशांच्या तपासानंतर डच पोलिसांनी मे २०२२ मध्ये त्याची यंत्रणा ताब्यात घेतली आणि १ जून २०२२ रोजी युरोपीय संघाच्या पोलिस यंत्रणेने, युरोपोलने, ते जाहीर केलं. फ्लूबॉट संपला, पण पद्धत संपली नाही. तीच चाल वापरणारी दुसरी ॲप्स आजही फिरताहेत.

२०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ ने यावर आणखी एक कुलूप घातलं. बाहेरून आलेल्या ॲपने ॲक्सेसिबिलिटी मागितली तर तो पर्याय फिकट दिसतो आणि ही मर्यादित सेटिंग असल्याचं फोन सांगतो. ते कुलूप उघडायचं तर ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन, वरचे तीन ठिपके दाबून मुद्दाम परवानगी द्यावी लागते. इतकी आडवळणाची वाट कुणी आपणहून शोधत नाही. आणि म्हणूनच आता मेसेजपाठोपाठ कॉल येतो.

कॉलवरचा माणूस सहसा दमदाटी करत नाही. उलट फार धीराने, अदबीने बोलतो. "काही काळजी करू नका सर, मी लाइनवरच आहे. आता सेटिंग्ज उघडा. खाली या. तीन ठिपके दिसले? दाबा. आता एक मेसेज येईल, तो नेहमीचाच असतो, ओके करा." फोनने दाखवलेला प्रत्येक इशारा तो आधीच सांगून बोथट करतो. तुम्हाला इशारा वाचायला, कुणाला विचारायला, नुसतं श्वास घेऊन विचार करायलाही फुरसत मिळू नये, म्हणून तर तो कॉल ठेवू देत नाही. गूगलने हे ओळखलं आणि २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ साठी थेट कॉलशीच संबंध जोडला. अनोळखी नंबरवरचा कॉल चालू असताना ब्राउझरमधून वा मेसेजमधून पहिल्यांदाच बाहेरचं ॲप टाकणं आणि ॲपला ॲक्सेसिबिलिटी देणं या दोन गोष्टी तो फोन अडवतो. जुन्या फोनवर हे अडवणारं कुणी नसतं. तिथे तुम्हालाच कॉल कापावा लागेल.

याच कॉलचा दुसरा प्रकार कॉम्प्युटरवाल्यांना जास्त परिचयाचा असेल. "तुमच्या कॉम्प्युटरवरून आम्हाला एरर येताहेत, अपडेट अडकलं आहे." मग ते विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगतात. तिथे लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदींची रांग दिसते आणि माणूस गळपटतो. वास्तविक अशा नोंदी पूर्ण धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात. एखादा प्रोग्रॅम नीट बंद झाला नाही, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, एवढ्यानेही नोंद होते. त्या भीतीच्या भरात एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर अशी दुरून कॉम्प्युटर चालवू देणारी सॉफ्टवेअर्स टाकायला लावतात आणि पडद्यावर दिसणारा आकडा वाचून दाखवायला सांगतात. ही सॉफ्टवेअर्स स्वतः चांगली आहेत, कार्यालयांमध्ये रोज वापरली जातात. पण तो आकडा दिला आणि जोडणी मान्य केली की समोरचा माणूस तुमच्या पडद्यावर येतो. ॲक्सेसिबिलिटीने जे ॲप करतं तेच मग माणूस करतो. मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल आपणहून कॉल करून तुमच्या मशीनमध्ये बिघाड असल्याचं सांगत नाहीत.

आयफोनवर बाहेरचं ॲप असं सहजी टाकता येत नाही, म्हणून तिथे चाल वेगळी असते. बहुतेकदा लिंक एका खोट्या पानावर नेते आणि अपडेटसाठी ॲपल खात्याचा पासवर्ड मागते. कधी फोनच्या सेटिंग्ज बदलू शकणारी, प्रोफाइल नावाची फाइल टाकायला लावते. सेटिंग्ज, जनरल, मग व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे तुम्ही किंवा तुमच्या कार्यालयाने न टाकलेलं काही दिसलं, तर ते काढून टाका.

आलेला नंबर किंवा पाठवणाऱ्याचं नाव पाहून खरं-खोटं ठरवू नका, हेही इथेच सांगायला हवं. मेसेज पाठवणाऱ्याचं नाव बनावट घालता येतं. फोन तर नावावरूनच मेसेज एकत्र लावतो, त्यामुळे बँकेच्या खऱ्या मेसेजांच्या रांगेतच खोटा मेसेज जाऊन बसू शकतो. कॉलवर दिसणारा नंबरही बनावट असू शकतो. भाषेच्या चुका शोधणं ही पूर्वीची युक्तीही आता लंगडी पडते, कारण आजचे खोटे मेसेज शुद्ध भाषेत येतात.

मग करायचं काय? कॉल असेल तर ठेवून द्या. कारण द्यायची, माफी मागायची गरज नाही. मेसेज असेल तर लिंकला हात लावू नका. त्यानंतर स्वतःच्या हाताने सेटिंग्ज उघडा. अँड्रॉइडवर सिस्टीम किंवा सॉफ्टवेअर अपडेट अशा नावाखाली (कंपनीगणिक जागा थोडी बदलते), आयफोनवर जनरलखाली सॉफ्टवेअर अपडेटमध्ये आणि विंडोजवर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये बघा. ॲप्सची अपडेट्स प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्येच बघा. तिथे अपडेट दिसलं तर जरूर करा. नाही दिसलं तर तो मेसेज खोटा होता. मग तो स्पॅम म्हणून कळवा, नंबर ब्लॉक करा आणि मेसेज पुसा. मेसेज बँकेच्या नावाने असेल आणि शंका राहत असेल, तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर कॉल करा. इंटरनेटवर शोधून सापडलेला नंबर वापरू नका, तिथेही ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

समजा, हात पुढे गेलाच. तर आधी कुठवर गेला ते ठरवा, कारण प्रत्येक टप्प्याचा उपाय वेगळा आहे. नुसती लिंक उघडली असेल तर पान बंद करा, एवढं पुरे. फाइल उतरली पण इन्स्टॉल केली नाही, तर डाउनलोड्समधून ती पुसा आणि अनोळखी ॲप्सची परवानगी दिली असेल तर काढून घ्या. पानावर पासवर्ड भरला असेल तर तो लगेच बदला आणि त्या खात्यातून सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरा. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथेही बदला.

ॲप इन्स्टॉल झालं असेल तर मात्र क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा फोनचं इंटरनेट तोडा. एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय बंद झालंय का ते डोळ्यांनी बघा, कारण अनेक फोनवर त्या मोडमध्येही वाय-फाय चालू राहू शकतं. मग दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला कळवून खातं, कार्ड थांबवून घ्या. पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदला. बाधित फोनवर बसून नवा पासवर्ड ठेवला तर तो ठगालाच आधी कळतो. ओटीपी त्याच नंबरवर येणार असेल तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. कॉलवर तुमच्याकडून एखादा कोड डायल करून घेतला असेल, तर तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले असू शकतात. तेव्हा सिम घातलेल्या दुसऱ्या फोनवरून हे डायल करा, बहुतेक नेटवर्कवर याने कॉल वळवण्याची सगळी सोय रद्द होते:

```
##002#
```

आता त्या ॲपकडे वळा. युरोपोलने फ्लूबॉटच्या वेळी दोन खुणा सांगितल्या होत्या, त्या अजूनही उपयोगी पडतात. ॲपवर टॅप केलं तरी ते उघडत नाही, किंवा काढायला गेलं की एरर येते. असं झालं तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर मेनूमधलं "बंद करा" हे बटण दाबून धरलं की तो पर्याय येतो. या मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ते काढताना आडवं येत नाही. ॲक्सेसिबिलिटी आणि फोनवर जादा अधिकार दिलेल्या ॲप्सची डिव्हाइस ॲडमिन ही यादी, या दोन्हींमधूनही त्याचं नाव काढा. तरीही जात नसेल, किंवा त्याला ॲक्सेसिबिलिटी मिळाली होती हे तुम्हाला आठवत असेल, तर मी फॅक्टरी रीसेटच करायला सांगेन. त्याने फोनमधलं सगळं पुसलं जातं हे खरं, पण ॲप जाताना मागे काय ठेवून गेलं याचा घोर उरत नाही. रीसेटनंतर बॅकअप परत आणताना तारीख बघा. ते ॲप टाकण्याआधीचा बॅकअप चालेल. नंतरचा असेल तर फोटो आणि संपर्क तेवढे घ्या, ॲप्स प्ले स्टोअरमधून नव्याने टाका.

मग सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवा. मेसेजचा स्क्रीनशॉट, नंबर, कॉलची वेळ आणि बँकेचे व्यवहार सोबत ठेवा. यासाठीच रीसेट करण्याआधी दुसऱ्या फोनने त्या मेसेजचा आणि ॲपच्या पानाचा फोटो काढून ठेवावा. आणि तुमच्या फोनमध्ये ज्यांचे नंबर होते त्यांनाही कळवा की माझ्या नावाने एखादी लिंक आली असेल तर उघडू नका. हे सांगायला लोक संकोचतात, पण तुमचा मेसेज म्हणून विश्वासाने ती लिंक उघडणारे तेच असतात.